सोमवारचा आकडा शुक्रवारी पक्का होतो

समजा, एका मराठी वृत्तपत्राचं स्वतःचं ॲप आहे. सोमवार, 10 मार्च 2025 रोजी ते किती जणांनी उघडून वाचलं, हा आकडा संपादकांना हवा आहे. मंगळवारी संध्याकाळी डॅशबोर्डवर तो 48,200 दिसतो. बुधवारी तोच सोमवार 49,750 दाखवतो, गुरुवारी 50,060 आणि शुक्रवारी 50,090. त्यानंतर मात्र तो हलत नाही. आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत, पण ॲप किंवा वेबसाइटची वाचकसंख्या मोजणाऱ्या कुठल्याही माणसाला ही चढण ओळखीची वाटेल. पहिली शंका येते ती कुणीतरी हिशेबात गडबड केल्याची. खरं तर गडबड कुणीच केलेली नसते. सोमवारी वाचलेल्या बातम्यांच्या काही नोंदी सोमवारी पोहोचल्याच नव्हत्या, त्या नंतर आल्या, एवढंच घडलेलं असतं.

नोंद कशी प्रवास करते ते पाहिलं की हे लगेच कळतं. वाचकाने बातमी उघडली, खाली सरकवली, दुसरी बातमी उघडली, अशा प्रत्येक हालचालीची एक नोंद फोनमध्ये तयार होते. तिला या व्यवसायात इव्हेंट म्हणतात. गुगल ॲनालिटिक्सची ॲपसाठीची व्यवस्था, म्हणजे फायरबेस, हे इव्हेंट एकेक करून पाठवत नाही. बॅटरी आणि डेटा वाचावा म्हणून साधारण तासाभराचे इव्हेंट एकत्र करून पाठवते. नेटवर्क नसेल तर ते फोनमध्येच साठून राहतात. सकाळी साताऱ्यात वायफायवर ॲप उघडलेला वाचक एसटीने घाटात शिरला, आधी उतरवून ठेवलेले लेख रस्त्यात वाचत राहिला, गावी पोहोचल्यावर फोनची बॅटरी संपली आणि फोन मंगळवारी दुपारी चार्ज झाला, तर सोमवारच्या वाचनाच्या नोंदी मंगळवारी दुपारी गुगलच्या सर्व्हरवर पोहोचतात. त्यांच्यावर वेळ मात्र सोमवारचीच असते, कारण ती वेळ फोनने टाकलेली असते.

म्हणजे प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात. एक घटना घडल्याची आणि दुसरी ती नोंद हाती पडल्याची. गुगलच्या अभियंत्यांनी 2015 साली ‘डेटाफ्लो मॉडेल’ या नावाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याची सगळी मांडणी या दोन वेळांमधल्या अंतरावरच उभी आहे. नोंदी घडल्या त्या क्रमाने येतील आणि एखाद्या क्षणी ‘आता सगळ्या आल्या’ असं खात्रीने म्हणता येईल, हे गृहीतच त्यांनी सोडून द्यायला सांगितलं. निबंध प्रचंड मोठ्या प्रवाहांबद्दल आहे, पण पन्नास हजार वाचकांच्या ॲपलाही तो तंतोतंत लागू पडतो.

आता वृत्तपत्राच्या कार्यालयात काय होतं ते पाहू. बरीच माध्यमं गुगल ॲनालिटिक्सचा कच्चा माल गुगलच्याच बिगक्वेरी या डेटाकोठारात उतरवून घेतात. तिथे प्रत्येक दिवसाचं एक टेबल तयार होतं. 10 मार्चच्या टेबलाचं नाव `events_20250310`. दिवस चालू असताना भरत जाणारं `events_intraday_20250310` हे वेगळं टेबल असतं आणि दिवसाचं पूर्ण टेबल आलं की ते नाहीसं होतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. दिवसाचं टेबल एकदा आलं म्हणजे बंद झालं, असं नाही. गुगलच्या स्वतःच्या माहितीपत्रकानुसार त्या तारखेच्या उशिरा आलेल्या नोंदी पुढचे तीन दिवसपर्यंत त्या टेबलात भरल्या जाऊ शकतात. म्हणजे 10 मार्चचं टेबल 13 मार्चपर्यंत वाढू शकतं.

कच्च्या टेबलांवरून रोजच्या वाचकसंख्येचा गोषवारा काढण्याचं काम एक ठरलेला जॉब करतो. तो रोज संध्याकाळी आपोआप चालतो. हा जॉब पहिल्यांदा लिहिणारा माणूस बहुतेक वेळा सरळ विचार करतो: गोषवाऱ्यात सगळ्यात अलीकडची जी वेळ नोंदलेली आहे, तिच्यानंतरच्या नोंदी तेवढ्या उचलायच्या. नवं तेवढं घ्यायचं, जुन्याला हात लावायचा नाही. तर्क सुबक वाटतो आणि चाचणीत तो चालतोही, कारण चाचणीचा डेटा आधीच पूर्ण भरलेला असतो. प्रत्यक्षात मात्र एसटीतल्या वाचकाच्या नोंदी या जॉबला कधीच दिसत नाहीत. मंगळवारी संध्याकाळी जॉबने सोमवारी रात्री 11 वाजून 59 मिनिटांपर्यंतची रेघ ओढलेली असते आणि बुधवारी तो त्या रेघेच्या पुढचंच बघतो. सोमवारी सकाळी अकराची नोंद रेघेच्या मागे येऊन बसते. कुठेही एरर येत नाही, जॉब हिरवा दिसतो आणि सोमवार कायमचा 48,200 वर गोठतो. आपल्या उदाहरणात म्हणजे 1,890 वाचक कमी, जवळपास पावणेचार टक्के.

पावणेचार टक्के किरकोळ वाटतील. पण ही घट सगळीकडे सारखी नसते, आणि खरा त्रास तिथेच आहे. मुंबई-पुण्यात चांगल्या नेटवर्कवर असलेल्या वाचकांच्या नोंदी लगेच येतात. उशीर होतो तो दुर्गम भागातल्या, प्रवासात असलेल्या, डेटा जपून वापरणाऱ्या वाचकांच्या नोंदींना. ज्यांचं वाचन मोजलं जात नाही ते नेमके हेच. त्या आकड्यांवरून जिल्हा आवृत्तीचा निर्णय घेतला, तर तो अशा वाचकांच्या विरोधात झुकलेला असतो आणि तसं झुकल्याचं कुणाला कळतही नाही.

यावर दुसऱ्या टोकाचा उपाय म्हणजे रोज सगळंच्या सगळं पुन्हा मोजायचं. उत्तर बरोबर येतं, यात वाद नाही. पण बिगक्वेरीत क्वेरीने वाचलेल्या डेटानुसार पैसे लागतात. दर महिन्याला पहिला 1 टेबिबाइट, म्हणजे 1,024 जीबी, फुकट आणि त्यापुढे अमेरिकेतल्या दराने प्रत्येक टेबिबाइटला 6.25 डॉलर. एका दिवसाचा 1 जीबी डेटा वाचावा लागतो असं धरलं आणि दोन वर्षांचा इतिहास रोज पुन्हा मोजला, तर महिन्याला जवळजवळ 22 हजार जीबी होतात आणि बिल सव्वाशे डॉलरच्या पुढे जातं. हे फक्त एका गोषवाऱ्याचं. असे वीस गोषवारे असले तर हिशेब वेगळाच होतो. शिवाय या खर्चातला जवळपास सगळा वाया जातो, कारण गेल्या वर्षीचा जून आता बदलणार नाही.

म्हणून मधला मार्ग निघाला आणि तो आता या क्षेत्रात सर्वमान्य आहे. प्रत्येक वेळी जॉब चालला की मागचे ठरावीक दिवस मोडायचे आणि पहिल्यापासून मोजायचे. त्याआधीचे दिवस पक्के मानायचे. दिवस पुढे सरकतो तशी ही खिडकीही एक दिवस पुढे सरकते. तिला लुकबॅक विंडो म्हणतात. डीबीटी या लोकप्रिय साधनाच्या 1.9 आवृत्तीपासून त्यात `lookback` नावाची सेटिंगच आलेली आहे.

आपल्या ॲपसाठी खिडकी किती दिवसांची ठेवायची? गुगल तीन दिवस म्हणतं म्हणून अनेकजण तीन लिहितात आणि एका दिवसाने चुकतात. 10 तारखेचं टेबल 13 च्या अखेरीपर्यंत बदलू शकतं. 13 तारखेच्या संध्याकाळी जॉब चालल्यानंतरही रात्री चार नोंदी येऊ शकतात. तेव्हा 10 तारखेची शेवटची मोजणी 14 ला व्हायला हवी. म्हणजे 10 मार्च हा दिवस 11, 12, 13 आणि 14 अशा चार संध्याकाळी मोजला गेला पाहिजे, आणि दर संध्याकाळी कालपासून मागचे चार दिवस खिडकीत असले पाहिजेत. बिगक्वेरीत ते असं लिहिता येतं:

```sql
DECLARE shevat DATE DEFAULT
  DATE_SUB(CURRENT_DATE('Asia/Kolkata'), INTERVAL 1 DAY);
DECLARE suruvat DATE DEFAULT
  DATE_SUB(shevat, INTERVAL 3 DAY);

BEGIN TRANSACTION;

DELETE FROM aakde.roj_vachak
WHERE divas BETWEEN suruvat AND shevat;

INSERT INTO aakde.roj_vachak (divas, vachak)
SELECT PARSE_DATE('%Y%m%d', event_date),
       COUNT(DISTINCT user_pseudo_id)
FROM `prakalp.analytics_123456789.events_*`
WHERE _TABLE_SUFFIX
  BETWEEN FORMAT_DATE('%Y%m%d', suruvat)
      AND FORMAT_DATE('%Y%m%d', shevat)
GROUP BY 1;

COMMIT TRANSACTION;
```

कोड वाचता येत नसला तरी त्याचा क्रम समजून घेण्यासारखा आहे. आधी गोषवाऱ्यातले ते चार दिवस पुसले जातात, मग तेच चार दिवस कच्च्या टेबलांवरून नव्याने मोजून भरले जातात. ही दोन्ही कामं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलेली आहेत, म्हणजे होतील तर दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. पुसून झालं आणि भरताना वीज गेली, असा अर्धवट प्रकार डॅशबोर्डला दिसत नाही. आणि पुसण्याची ओळ जर कुणी विसरलं, तर त्याच तारखेच्या चार-चार ओळी गोषवाऱ्यात साचतात आणि महिन्याची बेरीज चौपट होते. हा घोटाळा निदान पटकन लक्षात येतो. रोज चार जीबी वाचले तर महिन्याला 120 जीबी होतात, म्हणजे फुकटच्या मर्यादेत आरामात.

इथे एक रास्त प्रश्न येतो. पूर्ण दिवस मोडून मोजण्याऐवजी उशिरा आलेल्या नोंदी तेवढ्या आधीच्या आकड्यात मिळवल्या तर काय बिघडलं? नुसते इव्हेंट मोजायचे असते तर काही बिघडलं नसतं. पण वाचक मोजताना हे चालत नाही. बुधवारच्या मोजणीपर्यंत सोमवारच्या उशिरा आलेल्या नोंदी 2,100 फोनवरून आल्या असं धरू. त्यांतल्या 550 फोनवर सोमवारी सकाळी नेटवर्क होतं, त्यांच्या काही नोंदी आधीच पोहोचलेल्या होत्या आणि ते वाचक 48,200 मध्ये मोजून झालेले होते. साताऱ्याचा आपला वाचक त्यांतलाच एक. नवे वाचक फक्त 1,550, म्हणून बरोबर आकडा 49,750. सरळ मिळवणी केली असती तर 50,300 झाले असते. म्हणजे शुक्रवारी जो अंतिम आकडा येणार आहे, त्याच्याही वर. वेगळे वाचक मोजायचे तर दिवसाच्या सगळ्या नोंदी पुन्हा समोर असाव्या लागतात.

वाचक कुठून आले, हा हिशेब तर आणखी नाजूक. एका बैठकीत वाचकाने पाच बातम्या वाचल्या, तर त्या बैठकीचं श्रेय सहसा पहिल्या नोंदीवर जो स्रोत लिहिलेला आहे त्याला दिलं जातं. पहिलीच नोंद उशिरा आली, तर मंगळवारी ती बैठक ‘थेट आलेला वाचक’ या खात्यात दिसते आणि बुधवारी पहिली नोंद पोहोचल्यावर ‘ईमेल बातमीपत्र’ या खात्यात जाते. त्यामुळे एकूण आकडा वाढतो तेव्हा त्यातलं एखादं खातं कमी होऊ शकतं. आकडा कमी झाला म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही, पण ज्याला हे माहीत नाही तो घाबरतोच. विपणन विभागाने मंगळवारी बातमीपत्राचं यश-अपयश ठरवून टाकलं असेल, तर त्यांना शुक्रवारी ते पुन्हा तपासावं लागेल.

लुकबॅकची खिडकी लावल्यावरही चुका होतातच. त्यांतली सगळ्यात फसवी चूक सुट्ट्यांत घडते. वरचा कोड खिडकीची सुरुवात आजच्या तारखेवरून ठरवतो. जॉब रोज चालत असेल तोवर हे ठीक आहे. दिवाळीत एखादा पासवर्ड कालबाह्य झाला, जॉब सहा दिवस बंद पडला आणि सातव्या दिवशी कुणीतरी तो पुन्हा सुरू केला, तर तो इमानदारीने मागचे चार दिवस मोजतो आणि थांबतो. मधले काही दिवस गोषवाऱ्यात येतच नाहीत. बंद पडण्याआधीचे काही दिवसही अर्धवट मोजणीवरच राहतात, आणि ते अधिक धोक्याचं आहे, कारण रिकामा दिवस आलेखात दिसतो, अर्धवट दिवस दिसत नाही. यावर उपाय सोपा आहे. शेवटची यशस्वी मोजणी कुठल्या दिवसापर्यंत झाली होती ते एका छोट्या टेबलात लिहून ठेवायचं आणि खिडकी त्या दिवसापासून दोन दिवस मागे सुरू करायची. सहा दिवस बंद राहिल्यावर खिडकी मग आपोआप दहा दिवसांची होते.

दुसरी चूक गोषवाऱ्यांच्या पुढच्या साखळीत असते. सोमवारचा आकडा सुधारला, पण त्यावरून काढलेला आठवड्याचा आकडा जुनाच राहिला, तर एकाच पानावर दोन वेगळी उत्तरं दिसतात. खिडकीतला एखादा दिवस ज्या आठवड्यात आणि ज्या महिन्यात येतो, तो आठवडा आणि तो महिना त्याच जॉबमध्ये पुन्हा मोजावाच लागतो. महिन्याच्या पहिल्या चार तारखांना ही चूक हमखास होते, कारण तेव्हा खिडकी मागच्या महिन्यात शिरलेली असते आणि मागचा महिना ‘बंद झाला’ असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं.

तिसरी चूक मात्र भरून न येणारी. कच्च्या टेबलांना 60 दिवसांची मुदत लावलेली असेल, तर ती त्यानंतर आपोआप नष्ट होतात. कुणी उत्साहाने खिडकी 90 दिवसांची केली, तर जॉब गोषवाऱ्यातले 90 दिवस पुसतो आणि भरायला मात्र 60 दिवसांचाच माल मिळतो. उरलेले महिनाभराचे आकडे गेले ते गेलेच. म्हणून पुसण्याआधी त्या तारखेचं कच्चं टेबल जागेवर आहे का, हे तपासणारी अट कोडमध्ये असायलाच हवी. ती टाकायला कंटाळा करू नये.

खिडकी पुरेशी आहे की नाही, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. दर संध्याकाळी मोजलेला प्रत्येक आकडा पुसण्याआधी वेगळ्या वहीत टिपून ठेवायचा: कुठला दिवस, कधी मोजला, किती आला. महिनाभरात चित्र स्पष्ट होतं. आपल्या सोमवारचं पाहिलं तर दुसऱ्या मोजणीत 1,550 वाढले, तिसरीत 310, चौथीत 30. ही उतरण अशीच झपाट्याने शून्याकडे जात असेल तर खिडकी योग्य आहे. चौथ्या मोजणीतही शेकड्यांनी वाढ होत असेल तर खिडकी लहान पडते आहे. याला आणखी एक पडताळा आहे. बिगक्वेरीच्या `__TABLES__` या यादीत प्रत्येक टेबलाच्या ओळी किती आणि ते शेवटचं कधी बदललं, हे `row_count` आणि `last_modified_time` या रकान्यांत मिळतं. खिडकीबाहेर गेलेलं टेबल नंतर बदललेलं दिसलं, तर गोषवारा जुना झाला आहे हे निश्चित.

ज्यांची मोजणी-यंत्रणा वेगळी आहे, त्यांच्या खिडक्याही वेगळ्या असतात. स्नोप्लाऊ ही यंत्रणा वापरणाऱ्यांसाठी तिच्या तयार पॅकेजमध्ये मूळ सेटिंग सहा तास मागे जाण्याची आहे, कारण तिथे जॉब दिवसातून अनेकदा चालवला जातो. शिवाय तीन दिवसांपेक्षा जास्त उशिरा पाठवलेल्या नोंदी सरळ सोडून दिल्या जातात. जाहिरातींवरून झालेल्या खरेदीचा हिशेब तर महिनाभर मागे जाऊन बदलू शकतो, कारण आज झालेली खरेदी तीन आठवड्यांपूर्वीच्या क्लिकच्या नावावर लिहिली जाते. दुसऱ्याचा चार हा आकडा उचलून आपल्याकडे लावण्यात म्हणूनच अर्थ नाही.

आणि कुठलीही खिडकी परत आणू शकत नाही असे काही वाचक राहतातच. फोनमध्ये साठलेली नोंद 72 तासांहून जुनी झाली की गुगल ॲनालिटिक्स ती स्वीकारत नाही. हिमालयात आठवडाभर ट्रेकला गेलेल्या माणसाने पहिल्या रात्री तंबूत वाचलेला लेख कुठल्याच दिवसाच्या आकड्यात येणार नाही. शुक्रवारचा 50,090 हा अंतिम आकडा आहे, पण तो संपूर्ण वाचनाचा आकडा नाही. हा फरक अहवालात एका ओळीत लिहिला तर वाचणाऱ्याची दिशाभूल होत नाही.

बदलणारे आकडे प्रामाणिकपणे कसे दाखवावेत, याचा धडा देशाच्या सांख्यिकी कार्यालयाकडून घेता येतो. राष्ट्रीय उत्पन्नाचे अंदाज तिथे आधी आगाऊ, मग तात्पुरते आणि नंतर सुधारित अशा नावांनीच प्रसिद्ध होतात, त्यामुळे आकडा बदलला म्हणून कुणी फसवणुकीचा आरोप करत नाही. ॲपच्या डॅशबोर्डवरही शेवटचे चार दिवस फिक्या रंगात, ‘तात्पुरता’ असं लिहून दाखवणं तासाभराचं काम आहे. ते न केल्याने मात्र दर बुधवारी सकाळी संपादक आणि डेटा विभाग यांच्यात तोच वाद होतो.

ज्यांच्या टेबलावर असे अहवाल येतात, त्यांनी आपल्या डेटा विभागाला दोन गोष्टी विचाराव्यात: हा दिवस शेवटचा कधी मोजला गेला, आणि त्या मोजणीत तो कितीने बदलला. दोन्हींची उत्तरं लगेच मिळाली तर तो आकडा खुशाल वापरावा. मिळाली नाहीत तर सोमवारच्या आकड्यावरचा निर्णय शुक्रवारपर्यंत थांबवावा.